टाळूला तासभर, टोकांना रात्रभर: खोबरेल कधी लावायचं आणि केस रखरखीत न करता कसं काढायचं

शनिवारी रात्री डोकं तेलानं चिंब करायचं, वेणी घालून झोपायचं आणि रविवारी सकाळी ते तेल निघेना म्हणून दोन-दोन, तीन-तीन वेळा शाम्पू चोळायचा, हा क्रम मुंबईतल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालतो. संध्याकाळी केस वाळले की मुळांशी चिकट आणि टोकांना झाडूसारखे, अशी दोन्हीकडून पंचाईत. मग कोणी तेलाला बोल लावतं, कोणी शाम्पूला. चूक होते ती मापात. शिवाय डोक्याची त्वचा आणि केस या दोन वेगळ्या गोष्टी असताना दोघींनाही एकच वेळापत्रक लावलं जातं. ज्यांनी आजवर कधी नेमानं तेल लावलेलं नाही, किंवा लावून कंटाळून सोडून दिलंय, त्यांच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून सांगतो.

आधी एवढं समजून घ्या

कोरडा केस पाण्यात भिजला की तो पाणी पितो आणि फुगतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के पाणी तो शोषून घेऊ शकतो. वाळताना तो पुन्हा आक्रसतो. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. केस फुगला की हे खवले उचलले जातात, त्यातच आपण शाम्पूनं घासतो, टॉवेलनं खसाखसा पुसतो, ओल्या केसांतून फणी ओढतो. दर धुण्याला थोडे खवले तुटतात आणि आतलं प्रथिन झिजतं. खांद्याखाली उतरलेलं टोक दोन-तीन वर्षांचं जुनं असतं, म्हणजे त्यानं शेकडो धुणी सोसलेली असतात. म्हणून फाटतात ती टोकं. मुळाजवळचा केस तर नवा कोरा असतो.

खोबरेल इथे उपयोगी पडतं. त्यातलं मुख्य मेदाम्ल लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ असतो आणि केसातल्या प्रथिनाशी त्याचं जमतं, त्यामुळे ते खवल्यांच्या फटींतून आत शिरतं. आत तेल मुरलं की केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो. 2003 साली मुंबईतल्याच एका तेल बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात प्रथिनाची झीज ठळकपणे कमी झालेली दिसली ती फक्त खोबरेलानं. ती कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो निकाल वाचावा. पण खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि खनिज तेल वरच राहतं, हे पुढे इतरांच्या प्रयोगांतही दिसलं.

याचा अर्थ असा की धुण्याआधी लावलेलं तेल हे मुख्यतः त्या धुण्यापासूनच केसांना वाचवण्यासाठी असतं. ते काढायला जर तीनदा शाम्पू करावा लागला, तर जे वाचवलं त्याहून जास्त आपण घालवलं. पुढे जे काही सांगितलं आहे ते या एका हिशेबावर उभं आहे.

रात्रभर की तासभर

पहिल्यांदा बाटलीवरची घटकांची यादी वाचा. ‘हेअर ऑइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सुगंधी, हलक्या तेलांत पहिलाच घटक मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन असतो. हे तेल केसावर बसतं, आत जात नाही. त्यामुळे ते तासभर ठेवा नाहीतर आठ तास, केसाला फरक पडत नाही. उशीचा अभ्रा मात्र खराब होतो. वाण्याकडे मिळणारं साधं खाद्य खोबरेल घ्या, सुगंध किंवा रंग न घातलेलं. एरंडेल नवख्यांनी लांबच ठेवावं. ते मधासारखं घट्ट असतं, निघता निघत नाही, आणि लांब केसांत ते लावून धुताना केसांचा नमद्यासारखा गोळा होऊन शेवटी केस कापावे लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

आता वेळ. खोबरेल केसात हळूहळू मुरतं. पहिल्या तासाभरात त्याचा थर सगळीकडे नीट बसतो आणि मुरायला लागतो. धुण्यापुरतं संरक्षण तेवढ्यानं मिळतं. कोरडी, रंगवलेली, सरळ करून घेतलेली किंवा कुरळी टोकं असतील, तर त्यांना रात्रभराचा जास्तीचा वेळ खरोखर उपयोगी पडतो. खांद्याच्या वर कापलेले, कधी रंग न लागलेले केस असतील तर रात्रभर ठेवून विशेष काही हाती लागत नाही.

डोक्याच्या त्वचेचं गणित उलटं आहे. तिथे मुळातच स्वतःचं तेल सुटत असतं. तिथे मॅलेसेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर राहते आणि तेलातल्या मेदाम्लांवर जगते. ज्यांच्या त्वचेला ती सोसत नाही त्यांना कोंडा होतो. मुंबईची हवा दमट. रात्री पंख्याखाली झोपलं तरी मानेला घाम येतोच. अशा डोक्यावर आठ तास तेलाचा थर ठेवला की त्या बुरशीची चंगळ होते. खाज सुटते, पिवळसर तेलकट पापुद्रे धरतात, आणि गंमत म्हणजे तेल लावल्यावर ते पापुद्रे केसाला चिकटून दिसेनासे होतात, त्यामुळे ‘तेलानं कोंडा गेला’ असं वाटतं. दोन दिवसांनी तो पुन्हा दिसतो, आधीपेक्षा जास्त. म्हणून त्वचेला तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी तासभर पुरे. कोंडा, खाज, फोड किंवा चट्टे असतील तर त्वचेला अजिबात लावू नका, फक्त कानाखालच्या केसांना लावा, आणि चार आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तेलानं केस उगवतात का, हा प्रश्न इथे हमखास येतो. त्वचेतून वर आलेला केस निर्जीव असतो. तेल त्याला तुटण्यापासून वाचवतं, मुळातून नवा केस काढत नाही. भांग रुंद होत चालला असेल किंवा चाईसारखी गोल टक्कल पडली असेल तर मालिश करत महिने घालवू नयेत.

किती आणि कसं लावायचं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याकडे तेल ‘थापायचं’ असतं, कपाळावरून ओघळलं की मन भरतं. केस शोषू शकतो ते फार थोडं. उरलेलं सगळं नुसतं वर बसतं आणि उद्या शाम्पूनं काढावं लागतं. चहाचा चमचा म्हणजे 5 मिली हे माप धरा. मानेपर्यंतच्या केसांना अर्धा ते एक चमचा, खांद्याच्या जरा खाली असतील तर दीड ते दोन, पाठीच्या मध्यापर्यंत दोन ते अडीच, कमरेपर्यंत दाट असतील तर तीन ते साडेतीन. हे सगळं मिळून, त्वचेसकट. पहिल्यांदा यातलं कमीत कमी घ्या. बरोबर माप ओळखायची खूण अशी: तेल लावल्यानंतर पाच मिनिटांनी एक बट टिश्यू पेपरमध्ये किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात दाबून धरा. हलका डाग उमटला तर ठीक. कागद पारदर्शक होऊन भिजला तर तुम्ही दुप्पट लावलंय.

केस कोरडे हवेत. ओल्या केसांना तेल लावून बांधून ठेवलं की आतलं पाणी उडत नाही, आणि पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशी डोक्याला ओल्या फडक्याचा वास येतो. मोठ्या दातांच्या फणीनं आधी टोकांकडचा गुंता सोडवा, मग वर वर या.

तेल वाटीत काढून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. गॅसवर थेट तापवू नका, बघता बघता ते भाजण्याइतकं तापतं. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे, चटका नाही. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. मुंबईत ते बहुतेक वर्षभर पातळच असतं. जानेवारीत एखाद्या पहाटे बाटलीत पांढरं झालेलं दिसलं तर ते बिघडलेलं नाही, नुसतं कोमट करून घ्यायचं.

केसांचे चार भाग करा: मधून भांग, आणि कानापासून कानापर्यंत एक आडवी रेघ. केसांसाठी मापलेल्या तेलाचा चौथा हिस्सा तळहातावर घ्या, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा आणि एका भागाची बट दोन्ही तळव्यांच्या मधे धरून वरून खाली ओढा, पोळीला तूप फिरवतो तसं हलक्या हातानं. सुरुवात टोकांपासून, कारण तळव्यावर पहिल्यांदा जास्त तेल असतं आणि गरज तिथेच जास्त असते. असं चारही भागांना. त्वचेला लावायचं असेल तर बोटांची टोकं वाटीत बुडवून भांगाभांगातून टेकवा. तळवा डोक्यावर ठेवून गोल गोल रगडू नका, त्यानं लांब केसांच्या गाठी बसतात आणि अडकलेले केस तुटतात. बोटं एका जागी ठेवून त्वचा हलवायची, पाच मिनिटं पुरे. या वेळी हातात केस येतात म्हणून घाबरू नका. दिवसाला 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे, आणि चार दिवस केस नीट विंचरले नसतील तर आधीच सुटलेले केस मालिशच्या वेळी एकदम बाहेर येतात.

रात्रभर ठेवणार असाल तर सैलसर एक वेणी घाला. घट्ट वेणीनं कपाळाजवळचे केस ताणले जातात, तेल असलं तरी ताण तो ताणच. उशीवर जुना सुती टॉवेल किंवा पंचा अंथरा आणि तो दर वेळी धुवा. दोन आठवडे न धुतलेल्या टॉवेलमधल्या तेलाला खवट वास येतो आणि तो केसांत उतरतो. कपाळावर, कानशिलांवर बारीक पुरळ येत असेल तर केसांच्या रेषेपासून दोन बोटं जागा सोडून तेल लावा. तेलामुळे आलेलं पुरळ त्यानं बहुधा हळूहळू कमी होत जातं.

तेल काढताना कंडिशनर आधी

डोक्यावर बादलीभर पाणी ओतून मग शाम्पू चोळायचा, ही आपली सवय. तेलकट केसांच्या बाबतीत ही चाल उलटी पडते. तेल पाणी आत येऊ देत नाही, शाम्पू वरच्या वर घसरतो, फेस येत नाही म्हणून आपण आणखी शाम्पू घेतो. फेस न येणं म्हणजे शाम्पू काम करत नाही असं नाही. तेल फेस मोडतं एवढंच. पण फेसाच्या मागे लागून माणूस पाऊच उघडत जातो.

कंडिशनरमध्ये तेल आणि पाणी या दोघांनाही धरून ठेवणारे पदार्थ असतात. तो सुक्या, तेलकट केसांवर आधी लावला तर जास्तीचं तेल त्यात मिसळतं, आणि पाणी लागताच त्याचं दुधासारखं पांढरं पाणी होऊन वाहून जातं. केसात मुरलेलं तेल आत राहतं, वर बसलेलं निघतं. आपल्याला हवं असतं ते नेमकं हेच. महागडा कंडिशनर लागत नाही. सर्वात स्वस्त, साधा, धुऊन टाकायचा कंडिशनर चांगला. सीरम किंवा न धुता ठेवायचा कंडिशनर मात्र चालत नाही.

न्हाणीघरात जायच्या आधी, केस सुके असतानाच, कानाखालच्या केसांना कंडिशनर लावा. पाठीच्या मध्यापर्यंतच्या केसांना पोह्यांचे दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिलीच्या आसपास. त्वचेला लावायचा नाही. बट न बट तळव्यांतून ओढत, वरून खाली. पाच मिनिटं तसंच ठेवा. मग हात ओले करून केस मुठीत दाबा, सोडा, पुन्हा हात ओले करा, पुन्हा दाबा. तीन-चार वेळा असं केलं की बोटांमधून पांढरट, किंचित दाटसर पाणी गळायला लागतं. तेल सुटल्याची ती खूण. पाणी अजून स्वच्छ आणि केस गुळगुळीत लागत असतील तर आणखी एक चमचा कंडिशनर घ्या. मग कोमट पाण्यानं धुवा, चार-पाच तांबे पुरतात. पाणी कढत नको, अगदी गारही नको. गार पाण्यात खोबरेल घट्ट होऊन केसाला धरून बसतं. थंडीत सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घेतलं तर हे हटकून होतं.

आता शाम्पू, पण पातळ करून. जुन्या रिकाम्या बाटलीत दीड चहाचा चमचा शाम्पू, किंवा साधारण तेवढाच भरणारा एक लहान पाऊच, आणि चहाचा एक मोठा कप पाणी घालून हलवा. घट्ट शाम्पू जिथे पहिल्यांदा पडतो, म्हणजे टाळूच्या मध्यभागी, तिथेच सगळा लागतो आणि मानेपर्यंत पोचतच नाही. पातळ केलेला सगळीकडे सारखा पसरतो. अर्धं मिश्रण भांगांमधून त्वचेवर ओता आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, मिनिटभर चोळा. मानेचा मागचा खळगा आणि कानांमागची जागा इथे मुद्दाम बोटं फिरवा, कारण तेल राहतं ते तिथे. लांब केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासू नका. धुताना खाली उतरणारा फेस त्यांना पुरतो. धुवा. उरलेलं अर्धं फक्त त्वचेला, तेही फेस आला नसेल तरच.

शाम्पू कोणता, यावर लोक फार डोकं शिणवतात. मिश्रण पातळ असेल आणि तेल मापात असेल तर घरात असलेला नेहमीचा शाम्पू चालून जातो. केस रंगवलेले किंवा फार कोरडे असतील तर घटकांत सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या दोन-तीन नावांत नसलेला घ्यावा. कोंड्याचा औषधी शाम्पू चालू असेल तर त्या दिवशी त्वचेला तेल लावूच नका. केटोकोनाझोलचा शाम्पू त्वचेवर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा असतो, आणि मधे तेलाचा थर असला तर तो पोचत नाही.

धुऊन झाल्यावर ओली बट दोन बोटांत धरून खाली सरकवा. बोट जरा अडखळत पण सहज सरकलं तर बरोबर. करकर आवाज आला तर केसावर काहीच उरलेलं नाही, पुढच्या वेळी शाम्पू कमी करा. बोट घसरत असेल आणि पाण्याचे थेंब केसावर मोत्यांसारखे उभे राहत असतील तर तेल अजून आहे. टॉवेल लपेटून दाबा, झटकू नका.

शिकेकाई, बेसन आणि इतर

शिकेकाई आणि रिठा यांत निसर्गतःच फेस देणारे पदार्थ असतात आणि थोडं तेल ते छान काढतात. थोडं म्हणजे दोन चहाचे चमचे, त्याहून जास्त नाही. शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि लहान मूठभर आवळकाठी अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं मंद उकळा, निवल्यावर कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळणं टाळू नका. विकतची पूड नुसती कालवून लावली की तिचे कण केसांत अडकतात आणि ते काढताना केस तुटतात, म्हणून बरेच जण एकदा करून सोडून देतात. हा काढा शाम्पूसारखा दोनदा लावायचा असतो आणि डोळे घट्ट मिटून, रिठा फार झोंबतो. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो.

बेसन तेल शोषतं खरं, पण लांब केसांतून ते धुऊन काढायला इतकं चोळावं लागतं की फायदा उरत नाही. आखूड केसांना ठीक. अंगाचा साबण, खाण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण या तिन्हींना साफ नाही म्हणावं. साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात, त्यांनी खवले उघडतात. भांड्यांचा साबण तेलकट कढयांसाठी असतो, तो केसावर काही ठेवत नाही. महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी तसं मऊ आहे, पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर साबणाचा पांढरा चिकट थर केसावर बसतो आणि लोकांना तो तेलच वाटतो. केस वाळल्यावर बोटाला तेल न लागता मेण लागल्यासारखं वाटत असेल, तर आधी पाणी कुठलं आहे ते बघा.

एक रविवार, मापासकट

समजा केस पाठीच्या मध्यापर्यंत, टोकं वर्षभरापूर्वी रंगवलेली, मुळं दोन दिवसांत तेलकट होणारी, कोंडा नाही. सकाळी पाणी 6 ते 8 एवढंच येतं आणि दुपारी लग्नाला जायचंय.

शनिवारी रात्री साडेनऊला दीड चमचा खोबरेल, फक्त कानाखाली, चार भागांत. कागदावर डाग हलका. सैल वेणी, उशीवर पंचा. रविवारी सहाला उठून बादल्या भरून ठेवल्या आणि अर्धा चमचा कोमट तेल बोटांच्या टोकांनी त्वचेला, पाच मिनिटं. सात वाजता वेणी सोडली, फणी फिरवली, कानाखाली दोन मोठे चमचे कंडिशनर. सात-पाचला हात ओले करून दाबायला सुरुवात; चौथ्या वेळी पांढरं पाणी गळलं. पाच तांबे कोमट पाणी. कपभर पातळ शाम्पूतला अर्धा त्वचेवर, फेस जेमतेम आला. धुऊन उरलेला अर्धा ओतला, आता फेस उभा राहिला. सहा तांब्यांत साफ. साडेसातला केस टॉवेलमध्ये. सगळं मिळून एक बादली पाणी, एक पाऊच शाम्पू.

अकरा वाजता केस वाळले. टोकं मऊ आहेत, पण मानेच्या मागच्या बटा एकमेकींना चिकटून दोरीसारख्या दिसतात. आता पुन्हा पूर्ण डोकं धुवायचं नाही. चिमूटभर कॉर्नफ्लॉर बोटांना लावून फक्त त्या बटांच्या मुळाशी टेकवायचं, पाच मिनिटांनी डोकं खाली करून बारीक फणीनं झाडायचं आणि अंबाडा घालायचा, लग्नापुरतं निभावतं. बुधवारी नेहमीच्या धुण्यात ते उरलेलं तेल निघून जाईल. पुढच्या शनिवारी बदल दोनच करायचे: त्वचेला तेल अर्ध्याऐवजी पाव चमचा आणि तेही मानेच्या खळग्याला अजिबात नाही, आणि पातळ शाम्पू ओतताना पहिली धार टाळूऐवजी मानेवर, डोकं पुढे वाकवून.